कोऱ्या रकान्याची मोजणी

शहरात चार-पाच शाखा असलेल्या एका औषध दुकानाच्या आतल्या खोलीत, हजेरीपटाशेजारी, महिनाअखेरीस एक नोटीस लागली. मजकूर थोडकाच: 'पुढील महिन्यापासून सर्व शाखांत मालमोजणी नव्या तक्त्यावरच करावी. जुन्या याद्या ग्राह्य धरल्या जाणार नाहीत. खाडाखोड चालणार नाही. मोजणाऱ्याची व तपासणाऱ्याची सही आवश्यक.' खाली व्यवस्थापकाची सही. काउंटरवरच्या मंडळींनी ती वाचली आणि साहजिकच म्हटले, "म्हणजे काम वाढलं."

काम वाढले हे खरेच आहे. पण नोटिशीत एक महत्त्वाची गोष्ट लिहायची राहून गेली. जुन्या यादीतला एक रकाना नव्या तक्त्यातून काढून टाकला आहे आणि बाकीचे सगळे बदल त्या काढलेल्या रकान्यामागून आले आहेत.

जुनी यादी थेट संगणकातून छापून यायची. औषधाचे नाव, त्यापुढे संगणकाप्रमाणे शिल्लक, आणि त्यापुढे 'प्रत्यक्ष शिल्लक' असा मोकळा चौकोन. रात्री दुकान बंद झाल्यावर मोजायला बसलेल्या माणसाला 'टेल्मिसार्टन ४०, ६२ स्ट्रिप' असे छापलेले दिसते. समोर रॅक भरलेला आहे, साठेक स्ट्रिप असाव्यात असे वाटते, घरी जायची शेवटची बस चुकवायची नाही. तो चौकोनात ६२ लिहितो. यात लबाडी असतेच असे नाही. उत्तर आधीच समोर असले की हात मोजत नाही, जुळवतो. ५८ भरल्या तर चार कुठेतरी मागे असतील असे गृहीत धरतो, आणि ६२ भरल्या की पुढे शोधायचे थांबतो, मग खणात आणखी सात का असेनात. महिनोन् महिने संगणक आणि रॅक यांचा ताळा 'जमतो', आणि एके दिवशी गिऱ्हाईक उभे असताना संगणक आठ स्ट्रिप दाखवतो आणि रॅकवर एकही नसते.

नव्या तक्त्यात संगणकाची शिल्लक नाही. रॅकचा क्रमांक आणि औषधाचे नाव छापलेले आहे; बॅच, मुदत, पूर्ण स्ट्रिप, सुट्या गोळ्या आणि जागा हे रकाने कोरे. मोजणाऱ्याने जे दिसते ते लिहायचे, बेरीज-वजाबाकी आणि तुलना दुसऱ्याने करायची. लेखापरीक्षणातली ही जुनी रीत. औषध दुकानांत ती उशिरा पोचते, कारण इथे एकाच नावाखाली इतके बारीक तपशील दडलेले असतात की कोरा कागद घेऊन बसायचे कोणाच्या जिवावर येते.

वरच्याच टेल्मिसार्टनचे उदाहरण पुढे नेऊ. पंधरा गोळ्यांची स्ट्रिप, संगणकात ६२ स्ट्रिप, म्हणजे ९३० गोळ्या. त्या दोन बॅचमध्ये विभागलेल्या: जुन्या बॅचच्या ४० स्ट्रिप, नव्या बॅचच्या २२. आता नव्या तक्त्यावर मोजणी होते. रॅकवर जुन्या बॅचच्या २६ आणि नव्या बॅचच्या २२ स्ट्रिप. काउंटरखालच्या खणात जुन्या ५, नव्या २. त्याच खणात जुन्या बॅचच्या तीन कापलेल्या स्ट्रिप, त्यांत ५, ९ आणि ५ अशा एकूण १९ गोळ्या. आणि स्टॉकिस्टकडे परत पाठवायच्या खोक्यात नव्या बॅचच्या ५ स्ट्रिप, फॉइल फाटलेल्या. सगळ्यांच्या गोळ्या केल्या तर जुन्या बॅचच्या ४८४, नव्या बॅचच्या ४३५, मिळून ९१९. संगणकापेक्षा ११ कमी.

अकरा गोळ्या म्हणजे एक स्ट्रिपही नाही. जुन्या यादीत हा फरक दिसलाच नसता, आणि दिसला असता तरी कोणी मनावर घेतला नसता. पण बॅचनिहाय पाहिले की चित्र बदलते. जुन्या बॅचच्या संगणकात ६०० गोळ्या आहेत, प्रत्यक्षात ४८४, म्हणजे ११६ कमी. नव्या बॅचच्या संगणकात ३३०, प्रत्यक्षात ४३५, म्हणजे १०५ जास्त. दोन मोठ्या चुका एकमेकींना झाकून बसल्या होत्या.

कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. मुदत आधी संपणारा माल आधी विकायचा, हा औषध दुकानातला पहिला धडा. काउंटरवरच्या मुलाने तो पाळला, हाताने जुनी बॅच काढून दिली. बिल करताना मात्र संगणकाने जी बॅच वर दाखवली त्यावर त्याने एंटर मारला, आणि ती नवी होती. माल गेला जुना, खात्यातून कमी झाला नवा. सात स्ट्रिपच्या विक्रीत हे झाले, सात पंधरा एकशे पाच. गल्ल्यात पैसे बरोबर आले, त्यामुळे रात्रीच्या हिशेबात काही अडले नाही.

अडते ते पुढे. बिलावर बॅच क्रमांक छापलेला असतो, आणि एखादी बॅच कंपनीने किंवा औषध प्रशासनाने परत मागवली तर ती कोणाकोणाला गेली हे त्या क्रमांकावरूनच शोधायचे असते. ज्यांच्या बिलावर नवी बॅच आहे त्यांच्या घरात जुनी असेल तर तो शोध व्यर्थ. दुसरे, मुदत जवळ आलेल्या मालाची यादी संगणक स्वतःच्या आकड्यांवरून काढतो. स्टॉकिस्ट असा माल ठरावीक काळातच परत घेतात. संगणक म्हणतो ४० स्ट्रिप परत पाठवा, रॅकवर आहेत ३१ आणि काही तुकडे. मग चलन वेगळे, खोके वेगळे आणि क्रेडिट नोटसाठी महिनाभर फोन.

म्हणून तक्त्यात प्रत्येक बॅचला स्वतंत्र ओळ आहे. एका औषधाच्या तीन बॅच असतील तर तीन ओळी, प्रत्येकीपुढे मुदतीचा महिना आणि वर्ष. पाकिटावर नुसता महिना असेल तर औषध त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत वापरता येते, हे सगळ्यांना ठाऊक असते असे आपण धरून चालतो; नव्या मुलांना तसे नसते. पहिल्या तारखेलाच माल बाजूला काढणारे आणि पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत विकत राहणारे, दोन्ही मी पाहिले आहेत. यातला दुसरा प्रकार गुन्हा आहे.

सुट्या गोळ्यांच्या रकान्याने काउंटरवरची एक सवय बदलावी लागणार आहे. बॅच आणि मुदत बऱ्याच स्ट्रिपवर एकाच टोकाला असते. घाईत कात्री कुठूनही चालते, आणि ते टोक गिऱ्हाइकाबरोबर गेले की उरलेल्या तुकड्याला ना बॅच ना मुदत. जुन्या यादीत असे तुकडे 'साधारण एक स्ट्रिप' म्हणून मिटवले जायचे. आता रकाना भरायचा तर कापताना छापलेले टोक दुकानात ठेवून दुसरीकडून कापावे लागेल. ज्या तुकड्यावर काही वाचता येत नाही तो मोजायचा, पण विक्रीयोग्य नाही म्हणून वेगळ्या ओळीत. पहिल्या महिन्यात अशा तुकड्यांनी एक डबा भरला तर कोणी दचकू नये.

आता त्या अकरा गोळ्या. त्यांतल्या दहांचा छडा लागला. सकाळी घरपोच म्हणून दहा गोळ्या गेल्या होत्या, बिल 'नंतर करू' म्हणून राहिले. मोजणीच्या वेळी माल बाहेर आणि खात्यात मात्र तो आतच. याचसाठी नव्या तक्त्याच्या माथ्यावर तीन आकडे मागितले आहेत: शेवटचे विक्री बिल, शेवटचे खरेदी बिल आणि शेवटची परत-नोंद. हे आकडे लिहिल्यावर मोजणी संपेपर्यंत नवे बिल नाही, आणि संध्याकाळी आलेली, न उघडलेली खोकी एका बाजूला, 'मोजू नये' अशी चिठ्ठी लावून. ही शिस्त नसेल तर बाकी तक्ता कितीही नीट भरा, फरक येतच राहतो.

उरली एक गोळी. ती सापडली नाही. तक्त्यात फरकाच्या कारणांपैकी 'कारण सापडले नाही' असेही एक कारण आहे, आणि ते मुद्दाम ठेवलेले आहे. ते नसते तर लोकांनी तुटफूट लिहिली असती. तुटफूट लिहिण्याला किंमत पडते: नष्ट झालेल्या, हरवलेल्या किंवा खात्यातून काढून टाकलेल्या मालावर घेतलेली जीएसटीची वजावट परत करावी लागते. परत करायची ती खऱ्या कारणासाठी करावी, रकाना भरायचा म्हणून नव्हे.

ही मुभा एका कपाटाला नाही. अल्प्राझोलम, ट्रामाडॉल यांसारखी शेड्यूल एच-वन मधली औषधे वेगळ्या रंगाच्या तक्त्यावर फार्मासिस्टने स्वतः मोजायची आहेत. २०१४ पासून या औषधांच्या विक्रीची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि किती दिले हे सगळे त्यात, आणि वही तीन वर्षे जपायची. तिथे शिल्लक संगणकाशी आणि वहीशी, दोन्हींशी जुळली पाहिजे. एका गोळीचा फरक आला तरी त्याच रात्री वरच्याला कळवायचे. फ्रिजमधल्या इन्शुलीनचीही रीत वेगळी: तक्त्यावर नावे आधी लिहून मगच दार उघडायचे, एका खेपेला एक कप्पा. उघड्या दारात उभे राहून बॅच वाचत बसलात तर २ ते ८ अंशांचे गणित बिघडते.

खाडाखोड नको, याचा अर्थ चूक करू नका असा नाही. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि छोटी सही. पहिला आकडा वाचता आला पाहिजे. फरक निघाला तर पुन्हा मोजायला दुसरा माणूस जाईल, आणि त्यालाही पहिल्याचा आकडा दाखवायचा नाही.

लोकांच्या मनात खरी धास्ती आहे ती वेगळीच: आता फरक दिसणार, मग तो पगारातून कापणार का? नोटीस यावर गप्प आहे, आणि माझ्या मते तिने गप्प बसायला नको होते. मालक तूट म्हणून मनाला येईल तशी रक्कम कापू शकत नाही. माल त्या कर्मचाऱ्याच्या ताब्यात दिलेला असला पाहिजे, नुकसान थेट त्याच्या हलगर्जीमुळे झालेले असले पाहिजे, आणि कापण्याआधी त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. कापलेली रक्कमही नुकसानीपेक्षा जास्त असता कामा नये. चार जण ज्या खणात हात घालतात त्या खणातली तूट यात बसवणे सोपे नाही. तीच गोष्ट वेळेची. दुकान बंद झाल्यावर मोजणी होणार असेल तर ते जादा काम आहे, आणि दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा महाराष्ट्राचा कायदा जिथे लागू आहे तिथे त्याचा मोबदला दुप्पट दराने द्यावा लागतो. या दोन ओळी नोटिशीत आल्या असत्या तर 'काम वाढलं' यापुढची कुजबुज झाली नसती.

सगळे दुकान एका रात्रीत मोजायचे नाही, हीसुद्धा न सांगितलेली गोष्ट. दर आठवड्याला ठरलेले काही रॅक घ्यायचे, अशा रीतीने दोनेक महिन्यांत सगळे दुकान एकदा मोजून होते. संपूर्ण मोजणी ३१ मार्चला असते तशीच राहील. पहिल्या फेरीत फरकांची यादी लांबलचक येईल. मागच्या महिन्यात 'शून्य फरक' दाखवणाऱ्या शाखेत या महिन्यात दीडशे ओळी निघाल्या म्हणून तिथल्या मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही, कारण मागच्या महिन्याचा शून्य मोजून आलेला नव्हता. तुलना करायचीच तर पहिल्या फेरीची दुसऱ्या फेरीशी करावी, आणि तीही त्याच रॅकची.