रक्ताचा डाग आणि गार पाणी

मे महिन्यात अकोला-अमरावतीकडे दुपारी नळ सोडला, तर येणारं पाणी गार नसतं. गच्चीवरच्या काळ्या टाकीत ते सकाळपासून तापत पडलेलं असतं, हात धरवत नाही इतकं. नेमक्या याच दिवसांत लहान मुलांचा घोळणा फुटतो. दुपारी झोपलेल्या मुलाच्या नाकातून रक्त येतं, पांढऱ्या सुती चादरीवर तळहाताएवढा लाल डाग पडतो, आणि मुलाचं नाक थांबलं की घरातलं कुणीतरी चादर ओढून थेट नळाखाली धरतं. काही घरांत त्याहून पुढे जाऊन गीझरचं कढत पाणी बादलीत काढलं जातं. तेलकट डाग गरम पाण्यानं सुटतो हा रोजचा अनुभव असतो, म्हणून हात आपोआप तिकडे वळतो. रक्ताच्या बाबतीत मात्र याच्या बरोबर उलटं घडतं. अर्ध्या तासात सहज निघाला असता असा डाग कढत पाण्याच्या एका भिजवणीत तपकिरी होऊन चादरीत कायमचा मुरतो.

असं का होतं, हे रक्तात काय असतं त्यावरून कळतं. शंभर मिलिलिटर रक्तात साधारण वीस ग्रॅम प्रथिनं असतात. त्यातलं बरंचसं हिमोग्लोबिन, म्हणजे तांबड्या पेशींच्या आत भरलेलं लाल रंगाचं प्रथिन. उरलेली रक्तद्रवात विरघळलेली असतात, मुख्यतः अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन, शिवाय थोडं फायब्रिनोजेन. ही सगळी शरीरात पाण्यातच राहणारी प्रथिनं आहेत. प्रत्येक रेणू म्हणजे एक लांबलचक साखळी ठरावीक पद्धतीनं घडी घालून ठेवलेली असते. पाण्याशी जमणारे भाग बाहेर आणि पाणी टाळणारे भाग आत दडवलेले. ही घडी शाबूत आहे तोवर प्रथिन पाण्यात विरघळतं, आणि जे विरघळतं ते धुऊन काढता येतं.

उष्णतेनं ही घडी उलगडते. फायब्रिनोजेन 55 अंश सेल्सिअसच्या आसपासच गोठू लागतं. अल्ब्युमिन आणि हिमोग्लोबिन 60 ते 70 अंशांच्या टप्प्यात हार मानतात. आत दडलेले, पाणी टाळणारे भाग उघडे पडतात, शेजारच्या रेणूंच्या तशाच उघड्या भागांना चिकटतात, आणि बघता बघता पातळ द्रवाचा घट्ट गोळा होतो. गाईच्या चिकाचा वाफेवर खरवस होतो तो याच कारणानं, आणि एकदा जमलेला खरवस पाण्यात ढवळून पुन्हा चीक होत नाही. चादरीत हेच घडतं, फक्त इथे प्रथिनं जमतात ती सुताच्या आत. कापसाच्या तंतूला पाणी प्रिय, त्यामुळे रक्त धाग्यांच्या फटींत आणि तंतूंमध्ये खोलवर शोषलं गेलेलं असतं. खरं तर कापूस आणि प्रथिन यांचं एकमेकांशी काही घट्ट रासायनिक नातं जुळत नाही. ओल्या, ताज्या अवस्थेत पाणी आलं की प्रथिनं निमूट बाहेर निघतात. पण ती तंतूंच्या आत शिरून तिथेच गोठली, की फटीत जमलेला गोळा फटीतून बाहेर यायला वाटच राहत नाही. त्यातच हिमोग्लोबिनचा लाल भाग, ज्यात लोह असतं, तो उष्णतेनं बदलतो आणि तपकिरी होतो. कढत पाण्यानं ‘बसलेला’ डाग लाल न राहता गंजासारखा दिसतो, तो म्हणून.

गार पाणी नुसतं निरुपद्रवी असतं असं नाही, ते स्वतः काम करतं. तांबडी पेशी साध्या पाण्यात टिकत नाही. शरीरातला द्रव किंचित खारट असतो. पेशीच्या आतला खारटपणाही त्याच प्रमाणातला. बाहेर साधं पाणी आलं की ते पेशीत शिरतं, पेशी फुगते आणि फुटते. आतलं हिमोग्लोबिन बाहेर पडतं आणि लगेच पाण्यात विरघळतं. ताज्या डागावर गार पाणी सोडल्याबरोबर गुलाबी ओघळ सुरू होतो तो हाच. पहिल्याच पाण्यात मीठ घालण्याची पद्धत अनेक घरांत आहे. मिठानं काही प्रथिनं विरघळायला मदत होते हे खरं, पण तेच मीठ पेशी फुटायला अडथळा करतं. म्हणून माझं मत असं की पहिलं पाणी साधंच असावं. मीठ वापरायचंच असेल तर नंतरच्या भिजवणीत.

आता त्या दुपारच्या चादरीकडे येऊ. डाग पडून वीस मिनिटं झाली आहेत. मध्यभागी तो अजून ओलसर आहे, कडेला मात्र गडद रेघ उमटली आहे, कारण वाळताना पाणी कडेकडे सरकतं आणि पेशींना सोबत नेऊन तिथे जमा करतं. नळाचं पाणी गरम असेल तर माठातलं घ्या, किंवा फ्रिजमधली एखादी बाटली बादलीतल्या पाण्यात मिसळा. बर्फगार पाणी लागत नाही. हाताला गार लागलं की पुरे. चादर उलटी धरा आणि डागाच्या मागच्या बाजूनं पाणी सोडा, म्हणजे रक्त आलं त्याच वाटेनं बाहेर ढकललं जातं. पुढून धार सोडली तर ते कापडात आणखी आत जातं. चोळू नका, ब्रश तर नकोच. बोटांनी कापड हलकेच दाबत राहा आणि खाली पडणाऱ्या पाण्याकडे लक्ष ठेवा. आधी लाल, मग गुलाबी, मग जवळजवळ स्वच्छ.

पाणी स्वच्छ यायला लागलं की चादरीवर सहसा एक फिकट पिवळट-तपकिरी छाया आणि कडेची ती रेघ उरते. ही साकळलेल्या रक्ताची आहे. रक्त शरीराबाहेर पडल्यावर काही मिनिटांत फायब्रिनोजेनचं फायब्रिन होतं, आणि फायब्रिनचं जाळं पाण्यात विरघळत नाही, मग ते कितीही गार असो. इथे नुसत्या पाण्याची मर्यादा संपते आणि एन्झाइमवाल्या डिटर्जंटचं काम सुरू होतं. पुड्याच्या मागे घटकांत एन्झाइम किंवा प्रोटिएज लिहिलेलं आहे का पाहा. प्रोटिएज प्रथिनांच्या साखळ्या तोडून त्यांचे बारीक, विरघळणारे तुकडे करतं. कपडे धुण्यासाठी प्राण्यांच्या स्वादुपिंडातून काढलेली असली एन्झाइमं वापरण्याचं पेटंट जर्मनीत ओटो र्‍योम यानं 1913 मध्ये घेतलं होतं. आजची बहुतेक जिवाणूंपासून बनवलेली असतात. अर्धी बादली पाण्यात दोन चमचे पावडर विरघळवा, डागाचा भाग त्यात बुडवा आणि तासभर विसरून जा. एन्झाइमला घाई चालत नाही. पावडर टाकून लगेच खळखळून काढलं तर त्याला काम करायला वेळच मिळत नाही. एव्हाना सुटी प्रथिनं धुऊन गेलेली असल्यामुळे पाणी कोमट, म्हणजे 30 ते 40 अंशांचं चालतं, त्यात एन्झाइम जास्त चपळ असतं. कढत पाण्यात मात्र एन्झाइमच खराब होतं, कारण तेही शेवटी प्रथिनच.

तासाभरानंतरही पुसट रंग दिसत असेल, तर औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड. ते 6 टक्क्यांचं मिळालं तर तेवढंच पाणी घालून 3 टक्क्यांचं करा. डागावर थेंबथेंब सोडलं की फसफसतं. पेशींमधलं कॅटालेज नावाचं एन्झाइम पेरॉक्साइड फोडून ऑक्सिजन सोडतं, आणि बुडबुड्यांबरोबर उरलंसुरलं वर येतं. शिवाय पेरॉक्साइड तपकिरी रंगही फिका करतं. पाच-दहा मिनिटांत गार पाण्यानं धुऊन टाका. हे पांढऱ्या चादरीसाठी. सोलापुरी चादरीसारखं रंगीत कापड असेल तर आधी कोपऱ्यावर एक थेंब टाकून रंग उडतो का ते पाहायलाच हवं.

उष्णतेइतकंच नुकसान करणाऱ्या आणखी दोन गोष्टी घराघरांत हाताशी असतात. एक लिंबू आणि दुसरं स्पिरिट किंवा सॅनिटायझर. आम्लानं आणि अल्कोहोलनंही प्रथिनांची घडी मोडते. पॅथॉलॉजी लॅबमध्ये काचपट्टीवरचा रक्ताचा थर धुऊन जाऊ नये म्हणून तो मिथेनॉल नावाच्या अल्कोहोलनं मुद्दाम पक्का करतात. चादरीवर स्पिरिट ओतणं म्हणजे तेच करणं. लिंबानं हिमोग्लोबिन तपकिरी होतं, ते आणखी वेगळं.

मासिक पाळीचा डाग रात्री पडतो आणि सकाळी दिसतो, तोवर वाळलेला असतो. तो नळाखाली धरून फारसं काही होत नाही. आधी त्याला ओलं होऊ द्यावं लागतं. गार पाण्यात दोन-तीन तास बुडवून ठेवा, पाणी लाल झालं की बदला, आणि मग एन्झाइमची भिजवण लांबवा, रात्रभर ठेवली तरी चालेल. डाग गादीत उतरला असेल तर गादीवर पाणी ओतू नका. गार पाण्यात पिळलेल्या फडक्यानं टिपत राहा. रक्त दुसऱ्या कुणाचं असेल, तर हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका. कावीळ-बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात आठवडाभर जिवंत राहू शकतो. रुग्णालयांच्या धुलाईत यावर उपाय असतो तो क्रमाचा. आधी गार पाण्याचं खळखळणं, मग साबण, आणि शेवटी जंतू मारण्यासाठी 65 ते 71 अंशांचं कढत पाणी. कढत पाणी त्यांनाही लागतं, पण ते रक्त निघून गेल्यावर.

घरच्या मशीनमध्ये हा क्रम चुकण्याची शक्यता जास्त. समोरून उघडणाऱ्या अनेक मशीनमध्ये ‘कॉटन’ हा कार्यक्रम निवडला की तापमान आपोआप 40 किंवा 60 अंशांवर जातं. सुती चादर म्हणून तोच कार्यक्रम निवडला जातो आणि रक्त आत शिजतं. डागाची चादर मशीनमध्ये टाकण्यापूर्वी हातानं गार पाण्यात काढा आणि तापमानाचं बटण ‘कोल्ड’वर आहे ना, हे पाहा.

आधीच बसलेला डाग? तोही प्रत्येक वेळी हाताबाहेर गेलेला नसतो. उलगडलेल्या प्रथिनावर प्रोटिएज चांगलं चालतं, फक्त त्याला आत पोचायला वेळ लागतो. रात्रभराची कोमट भिजवण दोन-तीनदा करून पाहा, वर पेरॉक्साइड. अनेकदा डाग फिका होतो, कधी पूर्ण जातो. क्लोरिनच्या ब्लीचनं मात्र लोहाचा पिवळा डाग मागे राहू शकतो आणि सुतही कमजोर होतं, त्यामुळे मी तो सुचवणार नाही.

ज्याच्यावर इस्त्री फिरली आहे, त्या डागाची आशा फार थोडी. सुती कापडासाठी इस्त्री दोनशे अंशांच्या आसपास तापते, आणि त्या उष्णतेत प्रथिन गोठण्याच्या पुढे जाऊन करपतं. म्हणून चादर ओली असतानाच खिडकीशी नेऊन उजेडात धरून बघा. पुसटशी कडा जरी दिसली, तरी ती दोरीवर आणि इस्त्रीकडे न नेता पुन्हा गार पाण्यात टाका.