तास संपला, लिंक आली, चित्रफीत कुठे आहे?

ऑनलाइन तास संपून पाच मिनिटं होत नाहीत तोच वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर पहिला निरोप येतो: "मॅडम, लिंक उघडत नाही." खरं म्हणजे लिंक उघडलेली असते. पानही आलेलं असतं, पण चित्रफितीच्या जागी 'प्रक्रिया सुरू आहे' एवढंच लिहिलेलं असतं. पिंप्राळ्यात राहून जळगावच्या एखाद्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्राध्यापिकेला हा निरोप नवा नाही. तिचे विद्यार्थी धरणगाव, एरंडोल, पारोळा अशा ठिकाणी पसरलेले असतात. ज्याला संध्याकाळी सातच्या तासाला रेंज मिळाली नाही, त्याची सगळी भिस्त त्या लिंकवरच असते.

बहुतेकांची समजूत अशी असते की चित्रफीत तयार आहे, फक्त ती कुठूनतरी कुठेतरी पोचायची राहिली आहे. ही समजूत बरोबर नाही. तास संपतो त्या क्षणी चित्रफीत अशी वस्तूच जगात नसते. असतो तो कच्चा माल, आणि तोही वेगवेगळ्या तुकड्यांत. लग्नात तीन कॅमेऱ्यांनी शूटिंग झालं, तरी पाहुणे घरी जाताना कॅसेट हातात मिळत नाही, तसंच हे आहे.

झूम किंवा गूगल मीटच्या आत काय चालतं हे बाहेरच्या माणसाला दिसत नाही. बिगब्लूबटनचं मात्र सगळं उघड आहे. ही प्रणाली कॅनडात, ओटावाच्या कार्लटन विद्यापीठात २००७ साली सुरू झाली. तिचा कोड कोणालाही वाचता येतो. महाविद्यालयं वापरतात त्या मूडलमध्ये २०२२ च्या ४.० आवृत्तीपासून बिगब्लूबटनची जोडणी मुळातच येते. त्यामुळे रेकॉर्डिंगचा प्रवास पावलापावलाने बघायचा, तर तो इथेच बघावा.

समजा, तास सात वाजता सुरू झाला आणि आठ वाजून दहा मिनिटांनी संपला. हजेरी आणि "आवाज येतोय का?" यात सहा मिनिटं गेली आणि ७.०६ ला मॅडमनी रेकॉर्डचं बटण दाबलं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर त्यांचं कनेक्शन दोनदा तुटलं, दोनदा जोडलं गेलं. मध्ये बारा मिनिटं त्यांनी स्वतःचा स्क्रीन दाखवला.

सर्व्हरवर या सत्तर मिनिटांचं काय साठलं? आवाज एका ठिकाणी. सगळ्यांचे माइक सर्व्हरवर एकत्र मिसळले जातात, म्हणून त्याची एकच फाइल होते. कॅमेऱ्याची चित्रं मात्र मिसळली जात नाहीत. एकाकडून आलेलं चित्र इतरांकडे धाडून देणं, एवढंच काम सर्व्हर तासाच्या वेळी करतो, आणि सोबत त्याची नक्कल ठेवतो. मॅडमचा कॅमेरा दोनदा बंद पडला, म्हणून त्यांच्या एकट्यांच्याच तीन फायली झाल्या. कोणा विद्यार्थ्याने दोन मिनिटं कॅमेरा लावला असेल, तर त्याची आणखी एक. दाखवलेला स्क्रीन वेगळा. स्लाइड तर चित्रित होतच नाहीत. 'अमुक क्षणी सातवी स्लाइड आली, तमुक क्षणी तिच्यावर लाल रेघ ओढली' अशी नोंद फक्त होते. गप्पांच्या चौकटीतला मजकूर, कोण आलं, कोण गेलं, रेकॉर्डचं बटण केव्हा दाबलं, हे सगळं त्याच नोंदवहीत जातं. एक सलग चित्रपट बघितला असं विद्यार्थ्याला वाटलं, पण तो चित्रपट त्याच्या मोबाइलच्या पडद्यावरच जुळत होता आणि तिथेच पुसला जात होता.

हे असं का करतात? कारण तासाच्या वेळी सर्व्हरला उसंत नसते. आवाज साधारणपणे वीस सहस्रांश सेकंदाच्या तुकड्यांत धावतो, म्हणजे सेकंदाला पन्नास तुकडे. सत्तर मिनिटं उघड्या राहिलेल्या एका माइकचे दोन लाख दहा हजार तुकडे होतात. त्यातला एखादा अडला की बोलणं तुटतं. अशा वेळी जोडकाम, सजावट, काटछाट अंगावर घेतली, तर समोरचा जिवंत तासच अडखळेल. म्हणून तास चालू असेपर्यंत फक्त साठवायचं आणि जुळवाजुळव नंतर करायची, असा नेम आहे. तो योग्य आहे, मग विद्यार्थ्यांना थोडं थांबावं लागलं तरी चालेल.

मग तास संपतो. इथेच पहिली गंमत घडते, आणि ती फार थोड्यांच्या लक्षात येते. मॅडमनी 'तास संपवा' न म्हणता नुसती खिडकी बंद केली आणि एखादा विद्यार्थी मोबाइल तसाच ठेवून जेवायला गेला, तर सर्व्हरच्या लेखी तास चालूच असतो. शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत पुढचं काम सुरू होत नाही. लिंक तासभर हलली नाही, तर आधी हे तपासावं.

शेवटचा माणूस बाहेर पडला की कामाला सुरुवात होते. त्या तासाला आधीच एक लांबलचक ओळखक्रमांक मिळालेला असतो. त्यात अंक आणि अक्षरं मिळून चाळीस चिन्हं, मग एक आडवी रेघ, मग तास सुरू झाल्याची वेळ सहस्रांश सेकंदांत असते. चित्रफितीचा पत्ता या क्रमांकावरून ठरतो. म्हणूनच पत्ता आधी तयार असतो आणि घर नंतर बांधलं जातं.

पहिल्या टप्प्यात सगळ्या फायली एका जागी गोळा होतात. दुसऱ्या टप्प्यात तपासणी होते: नोंदवही आहे का, आवाजाची फाइल आहे का, नोंदीत ज्या फायलींचा उल्लेख आहे त्या खरंच सापडतात का. तिसरा टप्पा सगळ्यात जड. इथे आवाजातून पहिली सहा मिनिटं कापली जातात, कारण बटण ७.०६ ला दाबलं होतं. उरतात चौसष्ट मिनिटं. मॅडमच्या कॅमेऱ्याच्या तीन फायली नोंदवहीतल्या वेळेप्रमाणे एकाच काळपट्टीवर बसवल्या जातात आणि मधल्या तुटलेल्या जागा रिकाम्या चित्रांनी भरल्या जातात. तसं केलं नाही तर कनेक्शन तुटल्यानंतरचं सगळं बोलणं ओठांच्या मागेपुढे होईल. एका वेळी दोघातिघांचे कॅमेरे चालू असतील, तर ते शेजारी शेजारी मांडून एकच चित्र करावं लागतं. हे प्रत्येक चित्र उलगडायचं, जागेवर ठेवायचं आणि पुन्हा दाबून बारीक करायचं. सेकंदाला पंधरा चित्रं धरली, तरी चौसष्ट मिनिटांत सत्तावन्न हजार सहाशे होतात. सर्व्हरच्या प्रोसेसरचा खरा घाम इथे निघतो. स्लाइडचं काम त्या मानाने हलकं, कारण ती चित्रं तशीच ठेवून नुसती वेळ जोडायची असते.

यातून `webcams.webm` आणि दाखवलेल्या स्क्रीनची `deskshare.webm` अशा फायली निघतात. चौथ्या टप्प्यात त्या प्रकाशनाच्या जागी हलवल्या जातात, आणि मग लिंकवरचा तो निरोप जातो.

प्रत्येक टप्पा पार पडला की सर्व्हर या जागी एक छोटी खूण ठेवतो:

```
/var/bigbluebutton/recording/status/
```

खुणेच्या नावाचा शेवट `.done` असेल तर टप्पा झाला, `.fail` असेल तर बिघडला. सर्व्हर सांभाळणारा माणूस `bbb-record --watch` चालवून हे डोळ्यांसमोर सरकताना बघू शकतो. लिंक उघडणाऱ्याला मात्र यातलं काहीच दिसत नाही. काम चालू आहे, रांगेत आहे की मोडून पडलंय, या तिन्ही अवस्थांना एकच पाटी लावणं हा या सगळ्या व्यवस्थेतला मोठा दोष आहे. माणूस त्यामुळेच कंटाळून दर दोन मिनिटांनी लिंक दाबत बसतो. त्याने काम ना लवकर होतं, ना उशिरा.

रांग हा शब्द आला, तर तिचा हिशेब मांडायला हवा. बिगब्लूबटन मूळ मांडणीत एका वेळी एकच रेकॉर्डिंग हाती घेतं. संध्याकाळी आठच्या सुमाराला त्याच सर्व्हरवरचे पाच तास संपले आणि प्रत्येकाला चाळीस मिनिटं लागत असतील, तर पाचव्याची चित्रफीत साडेअकराच्या आसपास येईल. तिच्या स्वतःच्या कामाला चाळीसच मिनिटं लागली, बाकीचे दोन तास चाळीस मिनिटं नुसती वाट बघण्यात गेले. सर्व्हरमध्ये दम असेल तर एकाच्या जागी तीन कामगार लावता येतात, पण ते प्रोसेसर जिवंत तासांकडूनच उसने घ्यायचे असतात. म्हणून काही ठिकाणी उलटा मार्ग धरतात आणि रेकॉर्डिंगचं सगळं काम मध्यरात्री बारा ते पहाटे पाच या वेळेवर टाकतात. असा सर्व्हर असेल तर रात्री दहाला मॅडमना फोन करून काही उपयोग नाही.

बाकीच्या कंपन्यांच्या इमारती मोठ्या आहेत, पण कामाचा घाट हाच. झूमवर क्लाउडमध्ये ठेवलेल्या रेकॉर्डिंगला साधारण बैठकीच्या दुप्पट वेळ लागतो आणि गर्दीच्या वेळी चोवीस तासांपर्यंतही जाऊ शकतो, असं ती कंपनीच सांगते. झूमचं रेकॉर्डिंग स्वतःच्या लॅपटॉपवर केलं असेल, तर जुळवाजुळवही लॅपटॉपच करतो. बैठक संपताच झाकण मिटलं तर काम अर्धवट राहतं आणि फोल्डरमध्ये `double_click_to_convert_01.zoom` अशी फाइल उरते. नाव सांगतं तेच करायचं, आणि तोवर तिचं नाव वा जागा बदलायची नाही.

गूगल मीटमध्ये चित्रफीत आयोजकाच्या ड्राइव्हमधल्या `Meet Recordings` फोल्डरात येते. तिथे वाट दोनदा पाहावी लागते. आधी मूळ फाइल ड्राइव्हमध्ये पोचते. मग मंद आणि वेगवान इंटरनेटसाठी तिच्या लहानमोठ्या आवृत्त्या तयार होतात. या दुसऱ्या वेळीही 'प्रक्रिया सुरू आहे' असंच दिसतं, पण मूळ फाइल तेव्हा उतरवून घेता येते. घाईत असलेल्या आयोजकाने तसं करावं. लिंक परवानगी मागत असेल, तर तो मामला वेगळा. तिथे कितीही थांबून काही होणार नाही, आयोजकालाच दार उघडावं लागेल.

खरा घोटाळा दोन ठिकाणी होतो. पहिला, तपासणीत फाइल सापडली नाही तर. त्या वेळी कच्चा माल अजून सर्व्हरवर असेल, तर `bbb-record --rebuild` या आज्ञेपुढे तो लांब क्रमांक लिहून सगळं काम पुन्हा पहिल्यापासून करवून घेता येतं. दुसरा, बटण दाबायचंच राहिलं तर. ज्या तासाला रेकॉर्डिंगची परवानगी होती, त्याचा कच्चा माल बिगब्लूबटन बटण न दाबताही साठवतं, पण त्यातून चित्रफीत बनवत नाही, आणि मूळ मांडणीत चौदा दिवसांनी तो पुसून टाकतं. तेवढ्या दिवसांत महाविद्यालयाच्या तंत्रज्ञाला गाठलं, तर तास वाचवता येतो. पंधराव्या दिवशी त्याच्याही हातात काही उरत नाही.