भाषांतरासाठी टाकलेली मेल कुठे जाते?

सप्टेंबर २०१७ मध्ये नॉर्वेची सार्वजनिक प्रसारण संस्था एनआरके हिने एक बातमी दिली आणि तिथल्या अनेक कंपन्या खडबडून जाग्या झाल्या. स्टॅटऑइल या बड्या तेलकंपनीचा (आजची इक्विनॉर) आतला मजकूर गूगलवरच्या साध्या शोधात सापडत होता. त्या शोधांत कामावरून काढल्याची पत्रं, करार, नोकरकपातीचे बेत आणि पासवर्डसुद्धा हाती लागले. यासाठी कुणी चोरून आत शिरलं नव्हतं. लोकांनी आपणहून हा मजकूर Translate.com या मोफत संकेतस्थळावर भाषांतरासाठी टाकला होता. भाषांतरं माणसांकडून सुधारून घेण्यासाठी संकेतस्थळानं त्यातला काही मजकूर ठेवून घेतला होता आणि तिथून तो शोधयंत्रांना दिसू लागला.

सगळ्याच सेवा असं करत नाहीत. पण चौकटीत टाकलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर जातो, एवढं सगळीकडे सारखं असतं. तिथे तो किती काळ राहतो हे सेवेच्या अटींत लिहिलेलं असतं आणि फुकट व पैसे भरून घ्यायच्या सेवेच्या अटी वेगळ्या असू शकतात. डीपएलचंच पाहा. पैसे भरणाऱ्यांचा मजकूर भाषांतरानंतर पुसला जातो, तर मोफत सेवेतला मजकूर यंत्रणा सुधारण्यासाठी काही काळ ठेवला जातो. शिवाय ग्राहकाशी गोपनीयतेचा करार झाला असेल, तर मजकूर त्रयस्थाच्या हाती देणं हाच करारभंग ठरू शकतो. तो पुढे फुटलाच पाहिजे असं नाही.

आणखी एक जागा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. गूगल ट्रान्सलेटच्या पानावर मजकूर टाकला की तो वरच्या पत्त्याच्या ओळीतही `text=` नंतर उमटतो. म्हणजे तो ब्राउझरच्या इतिहासात राहतो. कार्यालयातला संगणक चौघं वापरत असतील, तर तो चौघांनाही दिसू शकतो.

चाकणच्या एखाद्या सुट्या भागांच्या कारखान्याचं उदाहरण घेऊ. जर्मन ग्राहकाची मेल येते: १.२५० नग, दर १२,५० यूरो, माल ०५.०६. पर्यंत हवा. खरेदी विभागातला माणूस घाईत सगळंच निवडून चौकटीत टाकतो. मूळ निरोप चार ओळींचा असतो, पण त्याखाली महिनाभराची उत्तरं-प्रत्युत्तरं लटकलेली असतात: आधीचे दर, दुसऱ्या पुरवठादाराचा उल्लेख, सहीखालचे फोन नंबर, प्रत पाठवलेल्यांचे पत्ते. खरा धोका या शेपटीत आहे. त्यामुळे हव्या त्या चार ओळीच कोऱ्या पानावर उतरवून घ्याव्यात.

मग नावं बदलायची. ग्राहकाच्या जागी `AAA`, भागाच्या क्रमांकाच्या जागी `BBB`. दराची जागा मात्र रिकामी ठेवू नये, कारण आकडा गेला की वाक्याची रचना ढासळते. तिथे ९९,९९ असा सहज ओळखू येणारा खोटा आकडा घालावा. कशाचं काय केलं याची यादी आपल्याच वहीत राहू द्यावी. याला मर्यादाही आहे. ज्या वस्तूचा जगात एकच ग्राहक आहे, तिचं वर्णनच त्याचं नाव सांगून जातं. अशी मेल, तसंच पगार, बडतर्फी किंवा आजारपणाची पत्रं मोफत सेवेत टाकूच नयेत. त्यासाठी यंत्रावरच चालणारं भाषांतर वापरावं. फायरफॉक्समध्ये २०२३ पासून अशी सोय आहे आणि जर्मन-इंग्रजी भाषांतर त्यात संगणकावरच होतं. गूगलच्या मोबाइल ॲपमध्येही भाषा आधी उतरवून ठेवता येते. नंतर विमान-मोड चालू करून पाहावं. तरीही भाषांतर झालं, तर ते फोनमध्येच होतंय. दर्जा थोडा कमी पडू शकतो, पण आशय कळायला पुरतो.

भाषांतर हाती आलं की आकडे आधी मुळाशी ताडून पाहावेत. जर्मन लिखाणात हजारासाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, म्हणजे आपल्या नेमकं उलट. ते तसेच राहिले तर १.२५० नग सव्वा वाटतात आणि साडेबारा यूरोंचे साडेबाराशे होतात. ०५.०६. म्हणजे ५ जून. अमेरिकी वळणाच्या इंग्रजीत ती ०६/०५ झाली, तर आपल्याकडचा वाचक ६ मे समजेल. म्हणून महिना अक्षरांत लिहावा. मग नकार शोधावेत. लांब जर्मन वाक्यात ‘नाही’ अगदी शेवटी येऊ शकतं आणि ते एकदा निसटलं की नकाराचा होकार होतो. ‘करावंच लागेल’ आणि ‘करता येईल’ यांतला फरकही तिथेच तपासावा, कारण दंडाची जबाबदारी त्यावर ठरते.

उत्तर जर्मनमध्ये पाठवायचं असेल, तर इंग्रजीतल्या ‘यू’चं यंत्र अरे-तुरे करू शकतं, तेव्हा आदरार्थी रूप आलंय ना हे पाहावं. दर, मुदत आणि दंडाची वाक्यं लहान करून हातानं लिहावीत, एका वाक्यात एकच अट. शेवटी खरी नावं आणि आकडे परत भरावेत आणि पाठवण्याआधी मसुद्यात `AAA`, `BBB` आणि ९९ शोधून पाहावेत. एखादा खोटा दर तसाच राहिला, तर तो ग्राहकाच्या हाती लेखी पडेल.