फ्लाइट लेट आहे, दादा

जानेवारीत दिल्लीत धुकं पडतं आणि संध्याकाळची विमानं रेंगाळतात. माझं पुण्याचं विमान रात्री ८:३५ ला सुटून १०:५० ला पोचायचं होतं. सात वाजता मेसेज आला की ते आता १०:४० ला सुटेल. मला घ्यायला येणारे ड्रायव्हरदादा साताऱ्याचे. लोहगावला पोचायला त्यांना तीन तास तरी लागतात, म्हणजे ते आठला निघणार. एकदा गाडी हायवेला लागली की मेसेज वाचायचा कोणी आणि कधी? माझ्या हातात जेमतेम तासभर होता.

अशा वेळी हात आपोआप ‘फ्लाइट दोन तास लेट आहे’ असं टाइप करतो. मीही पूर्वी तेच करायचे. पण दोन तास कशापासून धरायचे? सुटण्याच्या वेळेपासून, उतरण्याच्या, की मी बाहेर येण्याच्या? विमान कंपनी सुटण्याची वेळ कळवते, ड्रायव्हरला मात्र आपण बाहेर कधी येणार ते हवं असतं. तो हिशोब आपणच करून द्यावा. सव्वादोन तासांचं उड्डाण, म्हणजे १२:५५ ला उतरणार. बॅग घेऊन एरोमॉलच्या पार्किंगपर्यंत चालत जायला अर्धा तास तरी हवाच. म्हणून वेळ दिली दीडची.

आता खरी मेख तारखेची. मध्यरात्र उलटली की तारीख बदलते. ‘१३ तारखेला रात्री दीड’ असं लिहिलं तर कोणी आदल्या रात्री येईल, कोणी दुसऱ्या. एकदा माझ्या भावाची गाडी अशीच एक रात्र आधी येऊन उभी राहिली आणि त्या माणसाची झोप नि डिझेल दोन्ही फुकट गेलं. तेव्हापासून मी वारही लिहिते आणि आधीची वेळ रद्द असं स्पष्ट सांगते:

‘दादा, फ्लाइट लेट आहे. आधीची ११:२० ची वेळ रद्द. आज मंगळवारची रात्र उलटल्यावर १:३० वाजता, म्हणजे बुधवारी पहाटे, एरोमॉलला या. फ्लाइट नंबर तोच. सव्वादहाच्या आधी निघू नका. थांबायचे जास्त पैसे लागले तर सांगा. नवी वेळ लिहून उत्तर पाठवा.’

शेवटचं वाक्य मी कधीच गाळत नाही. निळ्या टिका दिसल्या म्हणजे मेसेज उघडला एवढंच कळतं. तो मुलानेही उघडलेला असू शकतो. नुसत्या ‘ओके’वरूनही कोणती वेळ लक्षात राहिली ते समजत नाही. दहा मिनिटांत उत्तर आलं नाही तर सरळ फोन करते. सव्वादहाच्या आत वेळ पुन्हा बदलली तरीही फोनच, कारण त्यानंतर ते वाटेत असतात.

त्या दिवशी सात वाजून अठरा मिनिटांनी उत्तर आलं: ‘ताई, बुधवार पहाट दीड. एरोमॉल. जेवून निघतो.’