टिपच्या डब्यातला वाटा

लंडनच्या रेस्टॉरंटमध्ये बिल येते तेव्हा खालच्या ओळीत बहुतेक वेळा साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला असतो. गिऱ्हाईक कार्ड टेकवते आणि निघून जाते. पैसे मालकाच्या बँक खात्यात जमा होतात. ज्या वेटरने दोन तास हसतमुखाने सरबराई केली, ज्या आचाऱ्याने ताट सजवले आणि ज्याने मागे उभे राहून भांडी घासली, त्यांच्यापर्यंत त्यातले किती पोचते, हे गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही.

पूर्वी टिप नोटांच्या आणि नाण्यांच्या रूपात टेबलावर राहत असे. वेटर ती खिशात घाली किंवा काउंटरवरच्या टिपच्या डब्यात टाकी, आणि रात्री सगळे मिळून डबा मोजत. कार्ड आल्यापासून मात्र हा डबा मालकाच्या खात्यात गेला. ब्रिटनमध्ये त्यातून काय झाले, ते 2015 मध्ये उघड झाले. पिझ्झा एक्सप्रेससारखी नावाजलेली साखळी कार्डावर आलेल्या टिपमधून आठ टक्के ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून कापून घेत होती. वर्तमानपत्रांनी आणि युनाइट या कामगार संघटनेने हा विषय लावून धरला. कंपनीने कपात थांबवली आणि सरकारने चौकशी सुरू केली. तरी कायदा व्हायला आणखी आठ वर्षे लागली. ‘एम्प्लॉयमेंट (ॲलोकेशन ऑफ टिप्स) ॲक्ट 2023’ हा त्याचा परिणाम. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तो 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू आहे.

या कायद्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. गिऱ्हाइकाने दिलेली टिप आणि सर्व्हिस चार्ज मालकाच्या हातात आला किंवा त्याच्या नियंत्रणाखाली आला, तर त्याची संपूर्ण रक्कम कामगारांमध्ये न्याय्य रीतीने वाटली गेलीच पाहिजे. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक असो की सक्तीचा, नियम तोच. वेटरच्या हातात थेट दिलेली आणि त्यानेच ठेवलेली रोख टिप, जिच्यावर मालकाचा काही ताबा नाही, ती मात्र या कायद्याबाहेर राहते.

मग मालकाने काय ठेवायचे? त्या रकमेतले काहीही नाही. कार्ड मशीनची बँक-फी तो त्यातून कापू शकत नाही. हिशेब ठेवण्याचा खर्च, फुटलेल्या ग्लासांची भरपाई, बिल न देता पळून गेलेल्या गिऱ्हाइकाचे नुकसान, यांपैकी एकही गोष्ट टिपमधून वसूल करता येत नाही. कापता येतो तो फक्त करकायद्याने कामगाराच्या वाट्यावर बसणारा कर, आणि तो सरकारजमा होतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. जूनमधल्या एका शनिवारी संध्याकाळी एका लहान रेस्टॉरंटमध्ये 2400 पौंडांची बिले झाली. साडेबारा टक्क्यांनी सर्व्हिस चार्ज झाला 300 पौंड. त्या दिवशी कामावर होते तीन वेटर, एक बारमन, दोन आचारी आणि एक भांडी घासणारा. सगळ्यांनी आठ तास काम केले. फक्त तिसरी वेटर पुण्याहून शिकायला आलेली विद्यार्थिनी असल्याने तिची पाळी चारच तासांची होती. सत्र चालू असताना पदवी शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, त्यामुळे अशा तुटक पाळ्या नेहमीच्याच.

या रेस्टॉरंटने गुणांची पद्धत ठरवली आहे. वेटरला तासाला तीन गुण, बारमनला आणि आचाऱ्यांना दोन, भांडी घासणाऱ्याला दीड. पूर्ण पाळीच्या दोन वेटरांचे प्रत्येकी 24 गुण झाले, विद्यार्थिनीचे 12, बारमनचे आणि दोन्ही आचाऱ्यांचे प्रत्येकी 16, भांडी घासणाऱ्याचे 12. बेरीज 120. तीनशे पौंडांना 120 ने भागले की एका गुणाला अडीच पौंड येतात. म्हणजे पूर्ण पाळीच्या वेटरला 60 पौंड, बारमनला आणि प्रत्येक आचाऱ्याला 40, विद्यार्थिनीला 30 आणि भांडी घासणाऱ्यालाही 30. सगळे मिळून बरोबर 300. जुन्या पद्धतीने मालकाने आधी आठ टक्के काढून घेतले असते तर 24 पौंड त्याच्याकडे राहिले असते आणि विद्यार्थिनीच्या हातात 27 पौंड 60 पेन्स पडले असते.

वाटणी समान असलीच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. ती न्याय्य असली पाहिजे. कायद्यासोबत सरकारने एक आचारसंहिताही दिली आहे. कामाचे स्वरूप, कामाचे तास, मूळ पगार, जबाबदारी, नोकरीची वर्षे, कामगिरी आणि गिऱ्हाइकाचा हेतू असे निकष तीत सांगितले आहेत. म्हणून वेटरला आचाऱ्यापेक्षा जास्त गुण देणे चालते, पण त्याचे कारण सांगता आले पाहिजे. एखाद्याला एजन्सीमार्फत आणले आहे म्हणून वगळणे चालत नाही. कायदा एजन्सीच्या कामगारांनाही मोजतो. तसेच साखळीतल्या एका शाखेची टिप दुसऱ्या शाखेकडे वळवता येत नाही. जिथे गिऱ्हाइकाने पैसे दिले, तिथल्याच कामगारांचा त्यावर हक्क आहे.

पैसे कधी द्यायचे हेही ठरलेले आहे. ज्या महिन्यात गिऱ्हाइकाने टिप दिली, त्याच्या पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत ती कामगाराला मिळालीच पाहिजे. जूनमधल्या त्या शनिवारचे 30 पौंड विद्यार्थिनीच्या हाती 31 जुलैपर्यंत पडायला हवेत.

ब्रिटनच्या हॉटेल व्यवसायात ‘ट्रॉन्क’ हा शब्द रोज ऐकू येतो. फ्रेंचमध्ये देवळातल्या दानपेटीला ट्रॉन्क म्हणतात. इथे त्याचा अर्थ टिपचा सामाईक डबा. तो वाटणाऱ्याला ट्रॉन्कमास्टर म्हणतात. तो कधी हेड वेटर असतो, कधी बाहेरची हिशेबनीस कंपनी. मालकांना ही पद्धत आवडते याचे कारण करात आहे. मालकाने स्वतः वाटणी केली तर त्या रकमेवर आयकरासोबत नॅशनल इन्शुरन्सही लागतो, कामगाराच्या बाजूने आणि मालकाच्या बाजूनेही. मालकाचा दर एप्रिल 2025 पासून 15 टक्के आहे. वाटणी खऱ्या अर्थाने स्वतंत्र ट्रॉन्कमास्टरने केली तर आयकर लागतो, पण नॅशनल इन्शुरन्स दोघांनाही लागत नाही. मालकाला टिपमधून मिळणारा सरळ आणि कायदेशीर फायदा तो एवढाच. पण कोणाला किती द्यायचे ते मालकच ठरवत असेल आणि ट्रॉन्कमास्टर नावापुरता असेल, तर ही सूट टिकत नाही.

कायद्याला फटी आहेत, आणि त्या कामगारांच्या ध्यानात याव्यात. टिप किमान वेतनात धरता येत नाही, हा नियम 2009 पासूनचा आहे. पण किमान वेतनाहून जास्त पगार जाहिरातीत दाखवायचा आणि त्यातला वरचा भाग टिपमधून द्यायचा, ही चाल चालते. ‘तासाला पंधरा पौंड’ अशी जाहिरात दिसली तर त्यातला मूळ पगार किती आणि टिप किती, हे विचारलेच पाहिजे. मंदीच्या आठवड्यात टिप आटली की तो आकडाही आटतो. दुसरी फट शब्दांची. कायदा लागू होण्याच्या काही महिने आधी लंडनमधल्या एका डिमसम साखळीने सर्व्हिस चार्ज काढून त्याजागी ‘ब्रँड चार्ज’ लावला, आणि तो कामगारांचा नाही, असे म्हटले. बरीच ओरड झाली. बिलावरची ओळ नीट वाचल्याशिवाय गिऱ्हाइकाला हा फरक कळत नाही.

संशय आला तर कामगाराकडे ठोस मार्ग आहे. जिथे टिप नेहमी मिळते तिथे मालकाने वाटणीचे धोरण लेखी ठेवून सगळ्यांना दाखवले पाहिजे. प्रत्येक टिपची आणि तिच्या वाटणीची नोंद तीन वर्षे ठेवली पाहिजे. कामगार दर तीन महिन्यांत एकदा लेखी अर्ज करून ती नोंद मागू शकतो: त्या ठिकाणी एकूण किती टिप आली आणि आपल्याला किती मिळाली. मालकाने चार आठवड्यांत उत्तर द्यायचे. त्या शनिवारचे 300 पौंड नोंदीत 276 दिसले, तर उरलेले 24 कुठे गेले हा प्रश्न तिथेच उभा राहतो. त्यावर समाधान झाले नाही तर आधी एकास या संस्थेमार्फत तडजोडीचा प्रयत्न करायचा आणि मग एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलकडे जायचे. वाटणीच्या तक्रारीला 12 महिन्यांची मुदत आहे. ट्रायब्युनल फेरवाटणीचा आदेश देऊ शकते, शिवाय झालेल्या नुकसानीपोटी 5000 पौंडांपर्यंत भरपाईही.

मुंबई-पुण्यात चित्र वेगळे आहे. आपल्याकडचा वाद गिऱ्हाइकाच्या बाजूने चालला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी मार्गदर्शक सूचना काढून रेस्टॉरंटांना बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायला मनाई केली. रेस्टॉरंटांच्या संघटनांनी त्याला आव्हान दिले, आणि 28 मार्च 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने सूचना योग्य ठरवल्या. पण गिऱ्हाइकाने खुशीने दिलेले पैसे कर्मचाऱ्यांत कसे वाटायचे, यावर या सूचना काही बोलत नाहीत.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र 2016 मध्ये एका करविषयक खटल्यात एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली. कार्डावर आलेली टिप हॉटेलकडे जमा होते ती कर्मचाऱ्यांच्या वतीने. हॉटेल तिचे फक्त विश्वस्त असते. म्हणून ती पगार नाही आणि हॉटेलने तिच्यावर पगारासारखा कर कापायचा नाही. कर्मचाऱ्याने आपले इतर उत्पन्न म्हणून ती दाखवायची. पैसा कोणाचा, याचे उत्तर त्यात आहे. पण तो किती दिवसांत, कोणत्या निकषाने आणि कोणत्या नोंदीवर वाटायचा, हे सांगणारा ब्रिटनसारखा कायदा भारतात नाही. इथे ते अजून मालकाच्या रीतीवर आणि कर्मचाऱ्यांच्या एकीवर चालते.

ब्रिटनला शिकायला गेलेल्या आणि संध्याकाळी ट्रे उचलणाऱ्या आपल्या मुलामुलींनी म्हणून पहिल्याच आठवड्यात दोन कागद मागावेत: पगाराचा करार आणि टिपचे लेखी धोरण. दुसरा मिळत नसेल, तर कायदा मोडायला तिथूनच सुरुवात झालेली असते.