पैसे वेळेवर भरले, तरी सिबिल का घसरला?

समजा, नाशिकच्या एका शिक्षिकेकडे एक लाख रुपये मर्यादेचं क्रेडिट कार्ड आहे. बिल दर महिन्याच्या १२ तारखेला निघतं आणि पुढच्या महिन्याच्या २ तारखेपर्यंत भरायचं असतं. मे महिन्यात घरात लग्न निघालं, कार्डावर ८२ हजारांची खरेदी झाली. बाईंनी २ जूनला सगळी रक्कम भरली, व्याजाचा एक रुपयाही लागला नाही. तरीही स्कोअर खाली आला.

बाईंनी पैसे भरण्याआधीच, बिल निघालं त्या सुमारास, बँकेने सिबिलला ८२ हजारांची बाकी कळवली होती. अहवालात कार्डाच्या नोंदीत मर्यादा आणि बाकी दोन्ही दिसतात. स्कोअर काढणारं गणित एवढंच पाहतं की लाखातले ८२ टक्के वापरले गेले आहेत. हा माणूस उधारीवर टेकलाय, असा अर्थ ते लावतं. वापर ३० टक्क्यांच्या आत ठेवा असं म्हणतात. तो ठोकताळा आहे, नियम नव्हे. सुदैवाने हा डाग फार टिकत नाही. पुढच्या वेळी कमी बाकी कळवली गेली की स्कोअर बहुधा सावरतो. लवकरच गृहकर्जाचा अर्ज करायचा असेल, तर बिल निघण्याआधीच बरीचशी रक्कम भरून टाकावी.

उशिराची गोष्ट मात्र वेगळी. याच बाईंचं जूनचं बिल होतं फक्त ६४० रुपयांचं. ते २ जुलैला भरायचं राहिलं आणि ५ ऑगस्टला लक्षात आलं. अहवालात प्रत्येक खात्याखाली मागच्या ३६ महिन्यांच्या चौकटी असतात. वेळेवर भरलेल्या महिन्यात ‘०००’ असतं, थकलेल्या महिन्यात थकबाकीचे दिवस. त्यामुळे जुलैअखेरची चौकट ‘०२९’ दाखवते. रक्कम ६४० होती की ६४ हजार, हे त्या चौकटीतून कळत नाही. नंतर पैसे भरले तरी ती चौकट पुसली जात नाही, ती तीन वर्षं सरकत सरकत मागे जाते.

मुदतीनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उलटल्याशिवाय कार्डाचं खातं थकीत म्हणून कळवू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण चौथ्या दिवशी मोजणी सुरू होते ती मूळ तारखेपासूनच. हातात पैसे नसतील तर किमान रक्कम तरी भरा. चौकट स्वच्छ राहते. व्याज मात्र चढतं आणि बाकीही फुगलेलीच दिसते.

वेळेवर भरूनही चौकटीत आकडा दिसला, तर पावती जोडून सिबिलकडे तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. पूर्ण अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो मागवून घ्या.