खेळाच्या तासात खेळ किती?

खेळाचा तास ३५ मिनिटांचा. पण त्यात मूल हलतं किती? चिठ्ठी टाकून एक मूल निवडा (चपळच निवडलं तर आकडा फसवा येतो) आणि स्टॉपवॉच घ्या. ते चालू-पळू लागलं की घड्याळ सुरू, थांबलं की बंद. समजा ७ मिनिटं भरली, म्हणजे जेमतेम पाचवा हिस्सा. उरलेला बराच वेळ रांगेत जातो. दहाजणांत एक चेंडू असेल, तर दहा पाळ्यांतली एकच आपली. तिघांच्या रांगा केल्या की तिनांतली एक. चेंडू जास्त लागतात खरे, पण चिंध्यांचेही चालतात. नुसतं हलणं म्हणजे शिकणं नव्हे, हा आक्षेप रास्तच. म्हणून अमेरिकेतले शारीरिक शिक्षणाचे अभ्यासक डॅरिल सीडेंटॉप यांच्या पद्धतीत जमणाऱ्या सरावाचाच वेळ धरतात. झेल सारखा सुटत असेल, तर ती मिनिटं वगळतात. दोन्ही आकडे शेजारी लिहिले, की चेंडू कमी आहेत की खेळच अवघड आहे, ते कळतं.